वाया जाणारी डाळ

कौशल्याबाईंनी काशीला भात सोडला, त्याला नऊ वर्षं झाली होती. या नऊ वर्षांत खुशालरावांनी ही गोष्ट किती लोकांना सांगितली असेल याची गणती नाही. लग्नाच्या पंगतीत वाढपी भाताचं पातेलं घेऊन बायांच्या रांगेकडे निघाला की खुशालराव पुरुषांच्या रांगेतून ओरडत, "तिले वाढू नका, तिनं सोडलाय." मग शेजारी बसलेला माणूस हमखास विचारायचा, का सोडला? खुशालरावांना तेच पाहिजे असायचं. त्या साली त्यांना हार्टचा झटका आला होता, ते वाचले, आणि चार महिन्यांनी दोघं काशीला गेले. काशीला गेलं की आवडीचा एक पदार्थ कायमचा सोडायचा असतो. बरोबरच्या बायांनी कोणी वांगं सोडलं, कोणी पेरू. कौशल्याबाईंनी भात सोडला. खुशालराव सांगताना आवाज थोडा खाली आणून म्हणत, "माह्यासाठी सोडला तिनं. रोजचा भात."

घर माळकरी. अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत कधी आलं नाही. खुशालराव बाळापूरहून रोज एसटीनं अकोल्याला जात. तिथल्या एका डाळ मिलमध्ये ते हमाल म्हणून लागले आणि चौतीस वर्षं त्यांनी तिथेच काढली. तुरीचा दाणा दाताखाली फोडला की ते ओल सांगत. डाळ किती निघेल आणि चुनी, म्हणजे ढोरांना घालायचा तुटका भुगा, किती निघेल, हे पोत्यात हात घालून सांगत. मालक त्यांना विचारल्याशिवाय सौदा करत नसे. गावातही तूर विकायची असली की लोक मूठभर दाणे कागदात बांधून त्यांच्याकडे आणत. रिटायर होऊन पाच वर्षं झाली तरी डाळीबद्दल त्यांचा शब्द शेवटचा होता.

यंदा दिवाळीच्या पाठोपाठ कौशल्याबाईंना टायफॉइड झाला. त्यातून त्या उठल्या, पण अंगावर मांस राहिलं नाही. त्यातच जुनं दुखणं वर आलं. गर्भाशय खाली उतरलं होतं, आणि हे त्यांनी किती वर्षं लपवलं होतं ते डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हाच खुशालरावांना कळलं. अकोल्याच्या दवाखान्यातल्या त्या डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या. मूत्रपिंडात दोष नव्हता, यकृतात नव्हता. पण वजन एकेचाळीस किलो आणि रक्तात प्रथिनं कमी. ऑपरेशन करायचं आहे, त्या म्हणाल्या, पण आज टाके घातले तर जखम नीट भरणार नाही. महिनाभर चांगलं खाऊ घाला, मग या. आणि जाताना आहारवाल्या मॅडमना भेटून जा.

आहारवाल्या मॅडम त्या दिवशी ट्रेनिंगला गेल्या होत्या. दाराला कुलूप होतं. दोघं अर्धा तास बाकावर बसले आणि बाळापूरची गाडी धरून घरी आले.

घरी सून होती, आकांक्षा. मुलगा गजेंद्र नांदगाव पेठेत कापडाच्या कारखान्यात होता, तो शनिवारी यायचा. आकांक्षा दिवसभर सेतू केंद्रात कामाला जायची आणि सातला परत यायची. पोरगी हुशार, बी.ए.ला तिचा गृहअर्थशास्त्र विषय होता. खुशालरावांनी तिला विचारलं, तुमच्या पुस्तकात प्रथिनांचं काय लिहिलं होतं?

तिनं आठवून आठवून सांगितलं. मांस, अंडी, दूध यांतलं प्रथिन पूर्ण असतं. डाळीतलं अपूर्ण. डाळीत एक घटक कमी पडतो, तो तांदळात असतो. तांदळात दुसरा कमी पडतो, तो डाळीत भरपूर असतो. म्हणून वरण-भात एकत्र खायचा, म्हणजे एकमेकांची कमी भरून निघते. परीक्षेला हा प्रश्न पाच मार्कांना असायचा.

"अन् एकत्र नाई खाल्लं त?" खुशालरावांनी विचारलं.

"मग शरीराला ते पूर्ण वापरता येत नाही, असं होतं बाबा पुस्तकात."

कौशल्याबाईंचं जेवण खुशालरावांच्या डोळ्यांपुढे आलं. सकाळी दहाला ज्वारीची भाकर आणि भाजी. टायफॉइडनंतर रात्री भाकर जड जायची म्हणून संध्याकाळी नुसतं वरण, दीड वाटी, तेही प्यायल्यासारखं. त्यात भात नाही. बाजूला भाकर नाही. म्हणजे डाळ एका वेळेला आणि धान्य दुसऱ्या वेळेला. आणि भात तर नऊ वर्षं नाहीच.

त्यांनी आकांक्षाला विचारलं, भाकरीनं चालत नाही का? ती म्हणाली, उदाहरण तांदळाचंच होतं, भाकरीचं काही आठवत नाही. खुशालरावांनी तेवढंच धरलं. पुस्तकात भात आहे, भाकर नाही.

बायकोनं आपल्यासाठी भात सोडला, त्या भातावाचून तिच्या पोटातली डाळ अर्धी राहिली, नऊ वर्षं अर्धी राहिली, आणि आता डॉक्टर म्हणतात हिच्या रक्तात काही नाही. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, आपलं नशीब. खुशालरावांना ते म्हणता येईना. डाळ त्यांनी आणली होती. दर महिन्याला मिलमधून निवडून, पॉलिश न केलेली, एक नंबर. चौतीस वर्षं ते डाळ घरी आणत राहिले आणि त्यातली नऊ वर्षं ती बायकोच्या अंगी लागत नव्हती.

आकांक्षा चहा ठेवायला गेली तेव्हा ते कौशल्याबाईंजवळ गेले. त्या पलंगावर बसून कोथिंबीर निवडत होत्या. खुशालरावांनी हात जोडायचेच बाकी ठेवले. म्हणाले, भात सुरू कर. काशीचं पाप लागलं तर मला लागू दे. मी जाऊन परत काशीला सांगून येतो, पण आजपासून वरणात भात घे.

कौशल्याबाई म्हणाल्या, नाही.

त्यांनी पुन्हा समजावलं. पुस्तकाचं सांगितलं, डॉक्टरचं सांगितलं. माझ्यासाठी सोडला, आता माझ्यासाठी धर, असंही म्हणाले. एवढं सगळं ऐकून त्या थोड्या वैतागल्याच. कोथिंबिरीची जुडी खाली ठेवून म्हणाल्या, "अवं, मले भात कदी आवडलाच नाई. लहानपनापासून गयाखाली उतरत नाई माह्या. पंडा म्हने काई तरी सोडा, मंग ज्याच्यावाचून अडत नाई थेच सोडलं."

खुशालरावांना आधी कळलंच नाही. मग कळलं. नऊ वर्षांतल्या सगळ्या पंगती त्यांच्या कानात वाजल्या.

"मंग मले काहून नाई सांगतलं?"

"तुमी लोकाईले इतलं खुशीनं सांगत होते. म्या काहून बोलू?"

त्या हसल्या. हसल्या नसत्या तर कदाचित पुढचं झालं नसतं. खुशालरावांच्या आत काहीतरी पेटलं. लोक आपल्याला हसले असतील असं वाटलं, ही स्वयंपाकघरात बसून नऊ वर्षं हसली असेल असं वाटलं. आणि जे मनात नव्हतं ते तोंडातून गेलं.

"मंग राहू दे तुया नेम. पन डाय कायले खातं? भातावाचून तुह्या पोटात जाते थे डाय वायाच हाये. ढोराले घातली असती त दूध तरी देल्लं असतं."

कौशल्याबाईंचं हसणं थांबलं. त्यांनी कोथिंबीर उचलली आणि आत गेल्या.

त्या दिवसापासून दोघांत कामापुरतं बोलणं राहिलं. औषध घेतलं का, घेतलं. गॅस आला का, आला. खुशालराव सकाळी वाचनालयात जात, दुपारी मारुतीच्या पारावर बसत. राग ओसरला होता, पण आपण तसं बोललो याची लाज होती, आणि लाज वाटली की ते बोलत नसत. त्यांनी मनाशी ठरवलं की आपण तरी आता दोन्ही वेळ वरण-भातच खायचा. निदान घरात एकाची डाळ तरी पूर्ण होऊ दे. आकांक्षा जास्तीची डाळ लावू लागली. खुशालराव पोटभर खाऊ लागले. कौशल्याबाई वाढत. एक वाटी संपली की न विचारता दुसरी ओतत. तिसरीही.

त्यांच्या घरात बाईमाणूस शेवटी जेवायचं. कोणी तसं सांगितलं नव्हतं, चालत आलं होतं. आकांक्षा आल्यापासून ती सासऱ्याबरोबर जेवून घ्यायची, पण कौशल्याबाईंचं ताट सगळ्यांच्या मागून, ओट्याजवळ, पाटावर. त्या ताटात काय आहे हे पाहायला कोणी जात नव्हतं. घरात रोज वरण होत होतं, सकाळी पातेलं रिकामं दिसत होतं, म्हणजे सगळे जेवले असं सगळ्यांनी धरलं.

महिना झाला तसे दोघं पुन्हा अकोल्याला गेले. या वेळी आहारवाल्या मॅडमच्या दाराला कुलूप नव्हतं. डॉक्टरीणबाईंकडे जायच्या आधी इथेच नंबर लावा, असं नर्सनं सांगितलं.

मॅडमचं नाव माया तायडे. पस्तिशीच्या असतील. टेबलावर स्टीलच्या तीन वाट्या, एक लहान, एक मधली, एक मोठी, आणि भिंतीला लागून वजनकाटा. त्यांनी आधी कौशल्याबाईंना काट्यावर उभं केलं. काट्यावर अडतीस किलो आठशे ग्रॅम आलं. मॅडमनी त्यांना उतरायला सांगितलं, पुन्हा चढायला सांगितलं. तेच आलं. मग त्यांनी खाली वाकून कौशल्याबाईंच्या घोट्यावर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खड्डा तसाच राहिला.

"पायांवर सूज आहे. म्हणजे खरं वजन याहूनही कमी असणार," त्या म्हणाल्या. खुशालरावांकडे वळल्या. "महिन्याभरात सव्वादोन किलो गेलं काका. घरी खाणं चालू आहे ना?"

खुशालराव म्हणाले, घरात एक नंबर डाळ आहे. मॅडमनी मान हलवली आणि कौशल्याबाईंना समोर बसवलं. म्हणाल्या, काल सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत तोंडात काय काय गेलं ते सांगा, चहाचा घोटसुद्धा सोडू नका. हीच त्यांची पद्धत होती. काय खायला पाहिजे ते नंतर, काय खाल्लं ते आधी.

कौशल्याबाई पोरीसारख्या सांगू लागल्या. सकाळी चहा, दोन टोस. दहाला भाकर, एक.

"केवढी?"

त्यांनी हातानं दाखवली. भाकरीसोबत वांग्याची भाजी आणि जवसाची चटणी. दुपारी चहा. संध्याकाळी मुरमुरे, तिखट-मीठ लावून, एक मूठ. रात्री चहा.

मॅडमनी लिहिणं थांबवलं. "आणि वरण?"

"नाई."

"काल नाही, की रोजच नाही?"

"रोजच नाई. आधी राती दीड वाटी घेत होती, आता महिना झाला. वरन नाई, बेसन नाई, मुगाची खिचडी नाई. डाय म्हनजे सगयीच सोडली."

"काहून सोडली काकू?"

कौशल्याबाईंनी नवऱ्याकडे पाहिलंही नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "भातावाचून डाय वाया जाते म्हने. मी भात खात नाई. मंग म्या कायले वाया घालवू? खानारे हायेत न घरात."

खोलीत पंखा फिरत होता. खुशालरावांना तो ऐकू येत होता आणि दुसरं काही ऐकू येत नव्हतं. दुसरी वाटी, तिसरी वाटी. न विचारता ओतलेली. पँटचा पट्टा पंधरा दिवसांपासून एक भोक सैल लावावा लागत होता आणि त्यांना वाटत होतं की वरण-भात अंगी लागतो आहे. लागत होताच. तो तिच्या वाटणीचा होता.

"कोणी सांगितलं तुम्हाला असं?" मॅडमनी विचारलं.

खुशालराव उठून उभे राहिले, का उठले ते त्यांनाही माहीत नव्हतं. म्हणाले, "म्या सांगतलं."

मॅडम रागावतील असं त्यांना वाटलं. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि दोघांनाही जवळ बसायला सांगितलं. हे तुमच्या मनाचं नाही, त्या म्हणाल्या, जुन्या पुस्तकांत होतं. मी शिकायला लागले तेव्हा माझ्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकातही होतं. अर्धं खरं आहे, अर्धं नाही. खरं ते आधी सांगते.

प्रथिन म्हणजे वीसेक प्रकारच्या लहान लहान तुकड्यांची साखळी. त्यातले नऊ तुकडे माणसाच्या अंगात तयार होत नाहीत, खाण्यातूनच यावे लागतात. तुरीच्या डाळीत त्यातला एक थोडा कमी असतो. तांदळात, गव्हात, ज्वारीत तो बऱ्यापैकी असतो. आणि ज्वारी-तांदळात दुसरा एक कमी असतो, तो डाळीत भरपूर असतो. म्हणून डाळ आणि धान्य दोन्ही खावं, हे बरोबर.

"पण ते एका ताटात, एका वेळी पाहिजेत, हे नाही," त्या म्हणाल्या. "अंग काही ताट बघत नाही काका. पोटात गेलं की सगळ्याचे तुकडे होतात, आणि ते तुकडे रक्तात, अंगात फिरत असतात. सकाळच्या भाकरीचे असतात, रात्रीच्या डाळीचे त्यांच्यात येऊन मिळतात. अंगाचे स्वतःचे जुने तुकडे सुटत असतात, तेही त्यातच. ज्याला जे पाहिजे ते तो उचलतो. दिवसभरात दोन्ही पोटात गेलं म्हणजे झालं."

खुशालराव ऐकत होते. मिलमध्ये सकाळी बार्शीटाकळीची तूर उतरायची आणि संध्याकाळी पातूरची, एकाच गोदामात, आणि पाखडणारा हे विचारत नसे की हे पोतं कधी आलं. त्यांना ते दिसलं. त्यांनी विचारलं, मग गोदामासारखं आहे का हे?

"हो, पण गोदाम लहान आहे," मॅडम म्हणाल्या. "आठवडाभराचा माल नाही राहत. रोज भरावं लागतं."

"अन् भाकर? भातच पायजे न?"

"कोणी सांगितलं? ज्वारी तेच काम करते. काकूंनी उभ्या जन्मात भाताचं शीत नाही खाल्लं तरी काही बिघडत नाही."

मग खुशालरावांनी तो प्रश्न विचारला, जो विचारायची त्यांना भीती वाटत होती. "मंग या बाईनं नऊ वर्षं जे वरन पेलं, भातावाचून, थे?"

"ते सगळं लागलं त्यांच्या अंगाला. वाया काहीच नाही गेलं. अहो, नुसती डाळ खाल्ली तरी ती वाया जात नाही. तिच्यातलं बाकीचं कुठे जाणार?" मॅडमनी कागदावर बोट ठेवलं. "महिन्याभराआधीपर्यंत ती दीड वाटीच त्यांना धरून होती. तेवढी पुरी नव्हती, आजारपणानंतर जास्त लागते. पण ती होती. ती गेली म्हणून हे झालं."

माणसाला सुटका मिळाली की हलकं वाटायला पाहिजे. खुशालरावांना तसं काही वाटलं नाही. नऊ वर्षांचा दोष नव्हताच, हे एका वाक्यात कळलं. आणि पुढच्याच वाक्यात, एका महिन्याचा आहे, आणि तो पुरता आपला आहे. ते टेबलावरच्या मधल्या वाटीकडे पाहत राहिले.

मॅडमनी त्या वाटीतच हिशोब दाखवला. दाट वरणाची ही वाटी, म्हणजे सहा-सात ग्रॅम. दाट, वरचं पाणी नाही, पाण्यात फार काही उतरत नाही. काकूंना दिवसाला पंचेचाळीसच्या आसपास पाहिजेत. म्हणून तीन वाट्या, हव्या तेव्हा, एकदम नको असतील तर सकाळी एक, दुपारी एक, रात्री एक. दोन भाकरी. दोन वाट्या दही, दूध पचत नाही म्हणता तर. मूठभर भाजलेले शेंगदाणे. बेसनाचं पिठलं, मोड आलेली मटकी, जे आवडेल ते. मग त्यांनी चिठ्ठी लिहून डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं.

डॉक्टरीणबाईंनी सूज पाहिली, रक्त पुन्हा काढायला सांगितलं, आणि ऑपरेशनची तारीख दिली नाही. सहा आठवड्यांनी या, त्या म्हणाल्या. वजन चढलं आणि रक्त सुधारलं तर तेव्हा ठरवू. नाही चढलं तर? खुशालरावांनी विचारलं. त्या म्हणाल्या, तर दुसरं काय आहे ते शोधावं लागेल. आधी हे नीट करा.

बाहेर लांब व्हरांडा होता. कौशल्याबाई चार पावलं चालल्या की थांबत होत्या. महिनाभर त्या अशाच थांबत असतील, घरात, ओट्यापाशी, आणि आपण पारावर बसलो होतो. एका खांबापाशी त्या टेकल्या तेव्हा खुशालरावांना राहवलं नाही.

"अवं, म्या रागात बोललो होतो. एरवी माह्यं काई ऐकत नाईस, भात सुरू कर म्हनलं थे ऐकलं नाई. मंग थेच काहून ऐकलं?"

कौशल्याबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. प्रश्नच वेडा आहे असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

"डायीचं तुमी सांगतलं," त्या म्हणाल्या. "मंग आनखी कोनाले इचारू?"

समोरून एक आया बादली घेऊन आली, तिला वाट द्यायला खुशालराव बाजूला झाले, आणि बाजूलाच उभे राहिले.

दवाखान्याबाहेर एका खानावळीत ते बसले. साडेतीन वाजले होते, गर्दी नव्हती. खुशालरावांनी पोऱ्याला नाही, गल्ल्यावरच्या मालकालाच सांगितलं, वरण द्या, दाट, नुसतं. मालक म्हणाला, वरण नुसतं मिळत नाही, राइस प्लेटसोबत येतं. खुशालराव म्हणाले, मग राइस प्लेटचे पैसे घ्या आणि भात ठेवून घ्या. मालकाला वाटलं पाहुण्यांची काहीतरी गंमत चालली आहे. "काका, नुसतं वरन पेऊन काय पोट भरते?" तो म्हणाला, पण मोठी वाटी भरून आली.

कौशल्याबाईंनी वाटी दोन्ही हातांनी धरली. पहिला घोट घेतला आणि थांबल्या. मग पुढचा. महिनाभर ज्या वासात त्या इतरांना वाढत होत्या, तो वास त्यांच्या नाकाशी होता. खुशालराव एकटक पाहत होते.

"पाहू नका बरं. गयाखाली उतरत नाई," त्या म्हणाल्या.

त्यांनी मान वळवली. रस्त्यापलीकडे एक माणूस सायकलीला हवा भरत होता, ते त्याच्याकडे पाहत राहिले. थोड्या वेळानं न राहवून विचारलं, "भाकर खाल्ली होती न सकायी?"

"हाव. निंगायच्या आधी."

म्हणजे सकाळचं आहे आत. आता हे त्याला जाऊन मिळेल. त्यांना ते पटलं होतं, मॅडमनी नीट समजावलं होतं, तरी त्यांनी विचारलं होतं.

एसटी स्टँडवरून त्यांनी आकांक्षाला फोन लावला. काय झालं ते सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. मग पलीकडे ती रडत असल्याचं कळलं. पुस्तकात होतं बाबा, ती म्हणत होती, मी पाच मार्कांचं उत्तर दिलं होतं. खुशालराव म्हणाले, तुझं पुस्तक जुनं होतं, त्यात तुझी काही चूक नाही. तू वाया म्हणाली नव्हतीस. तो शब्द माझा आहे. आज रात्री आईचं ताट आपल्यासोबत वाढ. आणि वरण घट्ट कर.

"भात किती लावू बाबा?" तिनं सवयीनं विचारलं, आणि परत रडू लागली.

"तुले लागन तितका लाव," ते म्हणाले. "मले नको."

बाळापूरच्या गाडीत खिडकीची जागा मिळाली. व्याळा यायच्या आत कौशल्याबाईंचा डोळा लागला आणि त्यांचं डोकं खुशालरावांच्या खांद्यावर आलं. कित्येक वर्षं त्या खांद्यानं पोती पेलली होती. खांद्यावर काय किती भरतं ते त्याला काट्याशिवाय कळायचं. आता बायको अंगभर रेलून झोपली होती आणि त्यावर काही ठेवलं आहे असंही वाटत नव्हतं. खुशालरावांनी दोनदा वळून पाहिलं, ती आहे ना म्हणून. मग त्यांनी हात तिच्या पाठीमागे घातला, धक्क्यानं ती घसरू नये म्हणून, आणि बाळापूर येईपर्यंत तो काढला नाही.